ब्रूडरचे तापमान

नुकत्याच उबवलेल्या कोंबडीच्या पिल्लांना कृत्रिम ऊब देण्यासाठी ब्रूडरमध्ये राखलेले आणि वयाबरोबर टप्प्याटप्प्याने उतरवलेले तापमान. प्रचलित नियमानुसार पहिल्या आठवड्यात ते सुमारे ३५° से. (९५° फॅ.) ठेवतात. पुढे दर आठवड्याला सुमारे ३° से. (५° फॅ.) कमी करत सहाव्या आठवड्याच्या सुमारास २१° से.पर्यंत आणतात. ब्रॉयलर पिल्ले झपाट्याने वाढतात आणि त्यांची ऊबही लवकर काढली जाते; गावरान व अंड्यांच्या जातींच्या पिल्लांना मात्र ती जास्त दिवस लागते.

एका दिवसाच्या पिल्लाचे वजन ४० ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्या लहान देहातून उष्णता झपाट्याने निघून जाते आणि अंगावरची लव ती फारशी अडवू शकत नाही. स्वतःचे तापमान स्थिर ठेवण्याची क्षमता पहिल्या एक-दोन आठवड्यांत हळूहळू येते. खुडूक कोंबडी असती तर पिल्ले तिच्या पंखांखाली शिरली असती. ब्रूडर तेच काम करतो, पण कोंबडीप्रमाणे पिल्लांना हाक मारून जवळ घेत नाही. म्हणून पहिले काही दिवस त्यांना उबेपासून लांब भटकू न देण्यासाठी पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा सुमारे ४५ सें.मी. उंचीचा गोल चिकगार्ड लावावा लागतो. पिसे फुटू लागली की बाहेरची ऊब कमी पुरते.

तापमान कुठे मोजले, याला आकड्याइतकेच महत्त्व आहे. थर्मामीटर ब्रूडरच्या छत्रीच्या कडेशी, तुसाच्या गादीपासून सुमारे ५ सें.मी. वर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगतात. बल्बच्या थेट खाली तो जास्त तापतो आणि शेडच्या भिंतीवरचा तर पिल्लांबद्दल काहीच सांगत नाही. सगळी जागा ३५° असावी, असाही या नियमाचा अर्थ नाही. छत्रीखाली ऊब आणि चिकगार्डच्या कडेला गारवा असला, तर प्रत्येक पिल्लू आपल्याला हवी ती जागा निवडते.

शेवटचा निर्णय पिल्लांवर सोडावा. ती गादीवर सारखी पसरली, खात-पीत राहिली आणि काही निवांत आडवी झाली, की तापमान योग्य. छत्रीखाली एकमेकांवर चढून मोठ्याने चिवचिवू लागली तर थंडी वाजते आहे. अशा ढिगाऱ्यात खालची पिल्ले गुदमरून मरतात. चोच उघडी ठेवून, पंख पाडून ती कडेला गेली तर उष्णता जास्त झाली. सगळी एकाच बाजूला गोळा झाली तर दुसऱ्या बाजूने झोत येत असतो. तेव्हा बल्ब न वाढवता गोणपाटाचा पडदा नीट करावा. थंडी लागलेल्या पिल्लांच्या गुदाभोवती विष्ठा चिकटून वाळते. फार तापलेली पिल्ले खाद्य सोडतात आणि शरीरातले पाणी कमी होऊन सुकतात.

उदाहरणार्थ, नाशिक भागात डिसेंबरमध्ये आलेली १०० गावरान पिल्ले घेऊ. पिल्लामागे साधारण २ वॅट हिशेबाने ६० वॅटचे चार तारेचे बल्ब छत्रीत लावतात. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. तो उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर सुरू करतात, कारण हवा लवकर तापते, पण तुसाची गादी आणि खालची जमीन वेळ घेते. गार गादीवर उभी राहिलेली पिल्ले हवा ३५° असूनही काकडतात. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून गार लागले, तर गादी गार आहे असे समजावे.

आठव्या दिवसापासून छत्री थोडी वर घेऊन ३२° से.वर येतात, तिसऱ्या आठवड्यात २९°, चौथ्यात २६°. एका फटक्यात ३° उतरवण्यापेक्षा रोज अर्ध्या अंशाच्या आत उतरवत गेलेले बरे. एक बल्ब काढायचा असेल तर तो सकाळी काढावा, म्हणजे दिवसभर पिल्लांकडे पाहता येते. संध्याकाळी काढलेल्या बल्बचा परिणाम पहाटे कळतो, आणि तीच सर्वांत थंड वेळ. त्याचबरोबर चिकगार्ड मोठा करत पहिल्या दहा दिवसांच्या आसपास काढून टाकतात. दुपारी बल्ब बंद आणि रात्री सुरू, अशी वेळ चौथ्या-पाचव्या आठवड्यात येते. विदर्भात मे महिन्यात शेडचे तापमान दुपारी आपोआप ४०° से.वर जाते, तेव्हा दुपारी ऊब देण्याचा प्रश्नच नसतो, हवा खेळती ठेवावी लागते.

वीज गेल्यावर कोळशाची शेगडी वापरली जाते. पडदे पूर्ण बंद करून ती ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून पिल्लांसह राखणाऱ्यालाही धोका असतो. त्यामुळे वरच्या बाजूला फट ठेवणे आवश्यक असते आणि शेगडी तुसापासून लांब, विटांवर ठेवतात.