दुसऱ्या बाळाची कावीळ

मुलुंडचे एक जोडपे कल्पू या. बायकोचा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. पहिले मूल ठणठणीत. दुसरे जन्मले तेव्हा तेही ठीक दिसले, पण चोवीस तासांच्या आतच पिवळे पडू लागले. तान्ह्या बाळांना होणारी साधी कावीळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. पहिल्याच दिवशी दिसली तर डॉक्टर सावध होतात.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचे प्रथिन असणे. आईच्या पेशींवर ते नाही, बाळाच्या आहे. गर्भारपणात दोघांचे रक्त वारेमुळे वेगळे राहते, पण बाळंतपणात वार सुटताना बाळाचे थोडे रक्त आईकडे जाते. ‘डी’ परके असल्याने आईचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. याला काही आठवडे लागतात. तोवर पहिले बाळ पाळण्यात असते. पुढच्या खेपेस मात्र ही प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. त्यातून तयार होणारे पिवळे बिलिरुबिन पोटात असेपर्यंत आईचे यकृत निस्तरते. नाळ कापली की ते काम बाळाच्या कच्च्या यकृतावर पडते. म्हणून बाळ जन्मतः ठीक दिसते आणि मग झपाट्याने पिवळे होते. बिलिरुबिन फार वाढून मेंदूत शिरले तर कायमची इजा होते.

फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेट्सन यांनी १९३९ साली न्यूयॉर्कमधल्या एका बाईची हकिकत छापली. तिचे मूल पोटातच गेले होते. तिला नवऱ्याचे रक्त दिले, तेही तिच्याच ओ गटाचे, तरी तिला जोराची प्रतिक्रिया आली. मुलाकडून आलेल्या, बापाकडच्या कुठल्यातरी घटकाविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिपिंडे झाली असावीत, असा तर्क त्यांनी केला. पुढे बाळाचे रक्तच बदलण्याची पद्धत आली. पण तो इलाज झाला, प्रतिबंध नव्हे.

प्रतिबंधाचा धागा लेव्हिनच्याच एका निरीक्षणात होता. आपल्या जोडप्यातला नवरा बी पॉझिटिव्ह असता आणि बाळ बी गटाचे झाले असते, तर आईला ‘डी’विरुद्ध प्रतिपिंडे होण्याची शक्यता कितीतरी कमी झाली असती. ओ गटाच्या रक्तात बी-विरोधी प्रतिपिंडे आधीपासूनच असतात. आलेल्या पेशी ती लगोलग नष्ट करतात, आणि शरीराला ‘डी’ची ओळखच पटत नाही. मग हीच सफाई मुद्दाम का करू नये? लिव्हरपूलला रोनाल्ड फिन आणि सिरिल क्लार्क यांनी हा विचार उचलला. (क्लार्क फुलपाखरांच्या अनुवंशाचे अभ्यासक, रक्तगटांकडे ते त्याच वाटेने आले.) बाळंतिणीला बाहेरून तयार अँटी-डी द्यायचे, हे क्लार्क यांच्या पत्नीने रात्री त्यांना उठवून सुचवले. जे होऊ नये म्हणून धडपडतोय तेच कसे द्यायचे, असे ते आधी म्हणाले. सकाळपर्यंत त्यांना ते पटले होते.

न्यूयॉर्कला फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. त्यांनी सिंग सिंग तुरुंगातल्या निगेटिव्ह गटाच्या कैद्यांना पॉझिटिव्ह पेशी टोचून अँटी-डी दिले. तुरुंगात रोज जायची परवानगी नव्हती, म्हणून इंजेक्शन तीन दिवसांनी देऊन पाहिले आणि ते लागू पडले. ‘प्रसूतीनंतर ७२ तासांत’ हा नियम असा आला. त्यामागे शरीराचे घड्याळ नाही, तुरुंगाचे वेळापत्रक आहे. म्हणून ७२ तास उलटले तरी, उशिरा का होईना, इंजेक्शन द्यावे. १९६८ साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली.

हे अँटी-डी ज्यांच्या रक्तात ते आधीच तयार झाले आहे अशा दात्यांच्या रक्तद्रवातून काढतात. पाश्चात्त्य देशांत शंभरात सुमारे पंधरा लोक निगेटिव्ह, आपल्याकडे जेमतेम पाच. असे दाते इथे कुठून मिळणार? मुंबईच्या भारत सिरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीने पेशीसंवर्धनातून मिळवलेले अँटी-डी बाजारात आणले, ते मला या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. रक्तगटांच्या अभ्यासाची परंपराही मुंबईत जुनी आहे. ‘बॉम्बे’ रक्तगट १९५२ साली इथलाच, आणि परळला रक्तगट संदर्भ केंद्र १९५७ पासून आहे.

नेहमीची ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरते. अवघड प्रसूतीत याहून जास्त रक्त आले असेल तर ते मोजून मात्रा वाढवावी लागते. केवळ प्रसूतीनंतर दिले तर शंभरात एक-दोघी तरी निसटतात, कारण शेवटच्या महिन्यांतही थोडे रक्त पाझरते. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यातही एक इंजेक्शन देतात. सर्वांत जास्त विसर पडतो तो गर्भपाताचा. बोरिवलीत गर्भपात, घाटकोपरला प्रसूती, आणि पहिला कागद हरवलेला, हे आपल्याकडे सहज घडते.

आईच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच तयार आहेत का, हे ‘इनडायरेक्ट कूम्ब्स’ चाचणीने कळते. अँटी-डी न घेताच ती पॉझिटिव्ह आली आणि प्रतिपिंड ‘डी’विरुद्धचेच निघाले, तर इंजेक्शनाचा उपयोग नाही. मग सोनोग्राफीने बाळाच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा वेग पाहून पंडुरोगाचा अंदाज घेतात, आणि गरज पडली तर पोटातल्या बाळालाच नाळेतून रक्त देतात.