उपाहारगृहांतील मधुमेहानुकूल व कमी तेलाचे पदार्थ

मधुमेहानुकूल आणि कमी तेलाचे पदार्थ हे उपाहारगृहांच्या पदार्थसूचीतील दोन स्वतंत्र वर्ग आहेत. पहिल्यात रक्तशर्करेवर परिणाम करणाऱ्या कर्बोदकांचा, तर दुसऱ्यात स्निग्धांशाचा विचार होतो. मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील उडुपी व गुजराती पद्धतीच्या उपाहारगृहांतील पदार्थांवरून हा फरक स्पष्ट होतो. इडली वाफवलेली असल्याने तिच्यात तेल जवळजवळ नसते. परंतु तिच्या पिठात तांदूळ साधारणतः उडदाच्या तिप्पट ते चौपट असल्याने ती कर्बोदकप्रधानच राहते.

घटकबदल

तांदळाच्या डोशाऐवजी मूगडाळीचे धिरडे हा एक पर्याय आहे. ५० ग्रॅम डाळीपासून केलेल्या दोन धिरड्यांत तंतू वगळून सुमारे २६ ग्रॅम कर्बोदके आणि १२ ग्रॅम प्रथिने असतात. पिठात रवा किंवा तांदळाचे पीठ मिसळल्यास हा हिशेब बदलतो.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक विनियमांनुसार घन पदार्थाला 'कमी स्निग्धांशाचा' म्हणण्यासाठी १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपेक्षा अधिक स्निग्धांश चालत नाही. वरील दोन धिरड्यांचे वजन १५० ग्रॅम मानल्यास, एक चमचा (५ मिलिलिटर, सुमारे ४.५ ग्रॅम) तेल आणि डाळीतील सुमारे ०.७ ग्रॅम मिळून हे प्रमाण १०० ग्रॅममागे जवळपास ३.५ ग्रॅम होते. अर्धा चमचा तेलात ते सुमारे २ ग्रॅमवर येते. तेलात बुडवलेल्या अर्ध्या कांद्याने तवा पुसल्यास तेल कमी लागते. प्रत्यक्ष वापर तपासण्यासाठी तेलाचे भांडे पाळीच्या आरंभी व अखेरीस तोलून फरकास धिरड्यांच्या संख्येने भागता येते. सोबतच्या खोबऱ्याच्या चटणीतील स्निग्धांश वेगळा मोजावा लागतो.

प्रामाणिक लेबलिंग

वरील विनियमांत 'शर्कराविरहित' दाव्यासाठी १०० ग्रॅममागे ०.५ ग्रॅम शर्करेची मर्यादा आहे. 'मधुमेहानुकूल' या शब्दासाठी मात्र तसा आकडा नाही. गुजराती पद्धतीच्या डाळीत गूळ असतो. गुळाचा मुख्य घटक साखरेप्रमाणेच सुक्रोज असल्याने अशा डाळीला 'साखर न घातलेली' म्हणणे दिशाभूल करणारे ठरते. जेवणातील कर्बोदकांनुसार इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्या ग्राहकाची रक्तशर्करा अशा नोंदीमुळे अनपेक्षितपणे वाढू शकते. नोंदीपेक्षा कर्बोदके कमी असल्यास ती धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

२०२० च्या लेबलिंग विनियमांनुसार केंद्रीय परवाना किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना प्रत्येक वाढपातील उष्मांक पदार्थसूचीत द्यावे लागतात. एकाच ठिकाणी चालणारी बहुतेक उडुपी उपाहारगृहे या बंधनात येत नाहीत. शिवाय उष्मांकांवरून कर्बोदके कळत नाहीत. त्यामुळे 'दोन धिरडी, १५० ग्रॅम. मूगडाळ ५० ग्रॅम, तेल अर्धा चमचा. तांदूळ, रवा, गूळ नाही. चटणी वेगळी' अशी नोंद केवळ 'मधुमेहानुकूल' या शब्दापेक्षा अधिक माहिती देते.