खालच्या धारेले जागाच नाही

दिवाळीत दवनीवाड्याला घरी गेलो तेव्हा भाचीच्या विज्ञानाच्या वहीत एक जुनं चित्र भेटलं. पाण्याने भरलेला उभा डबा, त्याच्या बाजूला एकाखाली एक तीन भोकं आणि त्यांतून निघालेल्या तीन धारा. वरची धार जवळ पडते, मधली थोडी लांब, खालची सगळ्यांत लांब. खाली एक ओळ: खोली वाढली की पाण्याचा दाब वाढतो. शाळेत मीही हेच काढलं होतं, मार्कही मिळाले होते. पुढे इंजिनिअरिंगची चार वर्षं काढून, सूत्रं पाठ करूनही या चित्राकडे परत बघावंसं कधी वाटलं नाही.

भाचीला प्रदर्शनासाठी हे मॉडेल करायचं होतं. अंगणात चार इंची पाइपचा एक तुकडा पडला होता. खालून झाकण चिकटवलं, त्यात बरोबर एक मीटर पाणी राहील अशी खूण केली आणि पाण्याच्या पातळीपासून 25, 50 आणि 75 सेंटिमीटर खाली तीन मिलिमीटरची भोकं ड्रिलने पाडली. पाइप सरळ अंगणात उभा केला. भाची वरून मगाने पाणी टाकत राहिली, म्हणजे पातळी खाली जाणार नाही.

मधली धार जिंकली. वरची आणि खालची जवळजवळ एकाच जागी पडत होत्या.

पहिली शंका भोकांवर. ड्रिल जरा तिरकं गेलं किंवा कडेला प्लास्टिकची कूस राहिली तर धार वाकडी निघते, म्हणून सगळ्या कडा घासल्या. फरक पडला नाही. दुसरी गोष्ट नंतर लक्षात आली. खालची धार जमिनीला फार तिरपी लागते, त्यामुळे पडल्यावरही पाणी पुढे घसरत जातं आणि ओला डाग लांबवर दिसतो. नुसता डाग बघणाऱ्याला खालची धार लांब गेली असंच वाटेल. आम्ही मग चुलीतली राख पसरली. राखेत खड्डा पडतो तिथे धार खरी पडलेली असते. टेपने मोजलं: वरची 84, मधली 96, खालची 84 सेंटिमीटर.

बाबा हे सगळं ओसरीवरून बघत होते. आमच्याकडे मामा तलावातून शेतात पाणी सोडायच्या दाराला तुडुम म्हणतात, आणि त्यांचा जन्म तुडुमाचं पाणी बघण्यात गेलेला. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. भाचीला हा विनोद दरवर्षी ऐकावा लागतो.) ते म्हणाले, "खालच्या धारेले जोर हाय, पन उडाले जागाच नाही ना."

हेच उत्तर इव्हान्जेलिस्ता टॉरिचेलीने 1644 साली छापलं. गॅलिलिओच्या शेवटच्या तीनेक महिन्यांत तो त्याच्याजवळ मदतनीस म्हणून राहिला होता. आडवी फेकलेली वस्तू पॅराबोलाच्या वाटेने खाली येते, हे गॅलिलिओने 1638 च्या पुस्तकात मांडलं होतं. टॉरिचेलीने तो हिशोब पाण्याला लावला. त्याचं म्हणणं असं: भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग, पाण्याच्या पृष्ठभागापासून भोकापर्यंत एखादा थेंब मोकळा पडला असता तर त्याला जो वेग मिळाला असता, तेवढाच असतो. भोक जितकं खोल, तितका वेग जास्त. वहीतली ओळ इथपर्यंत बरोबरच आहे.

पण धार कुठे पडेल हे नुसत्या वेगावर ठरत नाही. ती किती वेळ हवेत राहते, हेही लागतं, आणि तो वेळ भोकापासून जमिनीपर्यंतच्या उंचीवर ठरतो. खालच्या भोकाला वेग भरपूर, पण वेळ कमी. वरच्याचं नेमकं उलट. भोक पृष्ठभागापासून d खोल आणि जमिनीपासून f उंच असेल तर धार

R = 2√(d·f)

इतक्या अंतरावर पडते. आमच्या पाइपात वरच्या भोकासाठी d 25 आणि f 75. खालच्यासाठी d 75 आणि f 25. गुणाकार तोच, म्हणून अंतरही तेच, सुमारे 87 सेंटिमीटर. मधल्याला 50 आणि 50, म्हणजे बरोबर 100. ज्याला सूत्र नको त्याने पाण्याच्या उंचीवर अर्धवर्तुळ काढावं, भोकापासून वर्तुळापर्यंत आडवी रेघ मारावी आणि ती दुप्पट करावी. वर्तुळ मध्यावर सगळ्यांत फुगलेलं असतं. आम्हाला तीन-चार सेंटिमीटर कमी मिळाले ते कडेशी होणाऱ्या घर्षणामुळे. टॉरिचेलीलाही हे दिसलं होतं: धार सरळ वर सोडली तर ती मूळ पातळीला जवळजवळ पोचते, पूर्ण पोचत नाही.

यानंतर इतिहासात खुद्द न्यूटन घसरतो, आणि तो भाग मला सगळ्यांत आवडतो. 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त त्याने लिहिलं की बाहेर येणाऱ्या पाण्याचा वेग निम्म्या उंचीवरून पडण्याइतकाच असतो. विचार वरवर बिनचूक होता. टाकीच्या तळाला भोक आहे असं धरा. बुचावर वरच्या पाण्याच्या खांबाचं वजन येतं. बुच काढलं की तेवढंच बळ भोकभर पाण्याला ढकलतं. हिशोब केला की निम्मी उंचीच निघते. भोकाखाली बादली ठेवून पाणी मोजलं, तरी ते टॉरिचेलीच्या वेगाने यायला हवं त्यापेक्षा बरंच कमी भरतं. म्हणजे बादलीही न्यूटनच्या बाजूची.

बाजू उलटते ती धार कुठे पडते हे बघितल्यावर. निम्म्या उंचीचा वेग धरला तर आमची मधली धार 71 सेंटिमीटरवर पडायला हवी होती. राखेतला खड्डा 96 वर होता. 71 आणि 96 मधला फरक घर्षणाच्या नावावर खपवता येत नाही.

दुसरी आवृत्ती तयार होत असताना संपादक रॉजर कोट्सने हीच जागा पकडली. मग 1713 च्या आवृत्तीत न्यूटनने दुरुस्ती केली, आणि ती नुसती आकडेमोड नव्हती. त्याने धार जवळून बघितली. पाणी भोकाकडे चारी बाजूंनी येतं, त्यामुळे बाहेर पडल्यावरही ते आत ओढल्यासारखं आवळतं. पाच अष्टमांश इंचाच्या भोकाबाहेर, अर्ध्या इंचावर त्याला धारेचा व्यास भोकाच्या 25 ला 21 इतका मिळाला. क्षेत्रफळात हे प्रमाण सुमारे 1.42 ला 1 येतं, म्हणजे जवळपास √2. कमी जागेतून तेवढंच पाणी जायचं तर वेग √2 पट हवा, आणि निम्म्या उंचीच्या वेगाला √2 ने गुणलं की पूर्ण उंचीचा वेग येतो. बादलीत पाणी कमी भरत होतं ते धार बारीक असल्यामुळे, हळू असल्यामुळे नव्हे. टॉर्च लावून आमच्या पाइपाची धारही तशी आवळलेली दिसते.

भाचीला न्यूटनशी देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न वेगळाच. "मामा, मग पेपरात कोणतं काढू?"

आम्ही पाइप उचलून एक मीटर उंच ओट्यावर ठेवला. आता प्रत्येक भोकाला पडायला एक मीटर जास्त मिळाला. हिशोबाने वरची 132, मधली 173, खालची 194 सेंटिमीटरवर पडायला हवी. राख पुढे सरकवावी लागली, पण क्रम तोच निघाला: खालची सगळ्यांत लांब. जमिनीपासून पाण्याच्या पातळीपर्यंतच्या उंचीचा मध्य आता पाइपाच्या बुडाशी आला होता, त्यामुळे खालचं भोकच त्या मध्याच्या सगळ्यांत जवळ होतं.

तिने वही उघडली आणि डब्याखाली पेन्सिलने एक स्टूल काढलं, डब्याएवढंच उंच.