पौलाचे एक क्रियापद : ‘थांबणे’ आणि ‘आपोआप थांबणे’

इ.स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथ येथील मंडळीला ग्रीक भाषेत एक पत्र लिहिले. त्याच्या तेराव्या अध्यायातील आठव्या वचनात प्रीती कधीच सरत नाही असे सांगून, सरणाऱ्या तीन गोष्टींची नावे त्याने दिली आहेत: संदेश, अन्य भाषा आणि ज्ञान. संदेश आणि ज्ञान यांच्यासाठी त्याने ‘कातार्गेओ’, म्हणजे रद्द करणे, हे क्रियापद कर्मणी रूपात वापरले. मधल्या ‘अन्य भाषां’साठी मात्र क्रियापदही बदलले आणि प्रयोगही. तेथे ‘पाउसोंताय’ हे रूप आहे, आणि ते मध्यम प्रयोगातील आहे.

या एका रूपावर विसाव्या शतकात मोठा वाद उभा राहिला. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा रस्त्यावरील सभांपासून पेंटेकोस्टल चळवळ जगभर पसरली. अनोळखी भाषांत बोलणे हे तिचे ठळक लक्षण होते. (पुण्याजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली सुरू झालेल्या धार्मिक जागृतीतही असे प्रकार नोंदले गेले. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या रमाबाई त्याच.) हे वरदान प्रेषितांच्या काळाबरोबरच संपले, असे मानणाऱ्यांना पौलाच्या व्याकरणात पुरावा दिसला. ए. टी. रॉबर्टसन हे नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे मोठे अमेरिकन व्याकरणकार. १९३१ मध्ये त्यांनी या रूपाचा अर्थ ‘आपोआप बंद पडतील’ अशा आशयाचा दिला. पुढच्यांनी त्यावर इमला चढवला: संदेश आणि ज्ञान यांना कोणीतरी बाहेरून संपवणार, पण भाषा स्वतःहून, आतून विझणार आणि त्याही आधीच.

युक्तिवाद आकर्षक आहे. तो टिकतो का, हे पाहण्यासाठी मध्यम प्रयोग म्हणजे काय ते आधी कळले पाहिजे.

संस्कृत शिकलेल्याला ही कल्पना परकी नाही. तेथे परस्मैपद आणि आत्मनेपद अशी दोन पदे आहेत, आणि ग्रीकचा मध्यम प्रयोग हा आत्मनेपदाचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही एकाच प्राचीन भाषाकुलातून आले. पाणिनीच्या नियमानुसार काही धातूंच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्याला मिळत असेल तर आत्मनेपद येते. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’. ज्याच्या पदरी फळ पडते तो ‘यजते’. मराठीत रुळलेला ‘यजमान’ हा शब्द आत्मनेपदी रूपातूनच आला आहे. पण सगळ्याच धातूंना अशी निवड नसते. ‘लभते’ हे नेहमी आत्मनेपदीच. त्यातून ‘स्वतःसाठी’ असा वेगळा अर्थ पिळून काढणे व्यर्थ. ग्रीकमध्येही ‘देखोमाय’, म्हणजे स्वीकारणे, हे क्रियापद तसेच आहे.

‘पाउओ’ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसते. त्याचे कर्तरी रूप म्हणजे ‘थांबवणे’ आणि मध्यम रूप म्हणजे ‘थांबणे’. मराठीला हा भेद दोन वेगळ्या क्रियापदांनी दाखवता येतो, म्हणून मराठी वाचकाला येथील मेख चटकन कळावी. ‘पाऊस थांबला’ या वाक्यात पाऊस कोणी थांबवला की तो आपोआप थांबला, याविषयी काहीच सांगितलेले नसते. ‘मुलांचा गोंगाट थांबला’ म्हटल्यावर गुरुजी वर्गात आले होते की नव्हते, हे क्रियापदावरून ठरत नाही. ‘थांबवला’ नाही म्हणून ‘आपोआप’ हा शब्द मनाने घालणे, हीच या युक्तिवादातील चूक.

त्याची परीक्षा नव्या करारातच घेता येते. लूकच्या आठव्या अध्यायात येशू शिष्यांसह होडीत असताना वादळ होते. तो उठून वारा आणि खवळलेले पाणी यांना दटावतो, आणि ती शमतात. तेथील क्रियापद ‘एपाउसांतो’, म्हणजे त्याच धातूचे मध्यम रूप. वारा आपोआप पडला असे म्हटले तर कथेचा प्राणच जाईल. प्रेषितांच्या कृत्यांत, एकविसाव्या अध्यायात, यरुशलेममधील जमाव पौलाला मारत असतो. रोमी सरदार आणि शिपाई धावत येताना दिसतात आणि मार थांबतो. रूप पुन्हा ‘एपाउसांतो’. त्या जमावाला स्वतःहून उपरती झाली नव्हती.

उलट, या क्रियापदाचे कर्तरी रूप संपूर्ण नव्या करारात एकदाच येते: पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात. तेथे माणसाने आपली जीभ वाइटापासून आवरावी असे म्हटले आहे, आणि गंमत म्हणजे जिभेसाठीचा शब्द ‘ग्लोस्सा’, जो करिंथच्या पत्रात ‘भाषा’ या अर्थाने येतो. आवरणारा आणि आवरली जाणारी जीभ असे दोन घटक असल्यामुळे तेथे कर्तरी रूप आले. पौलाच्या वाक्यात भाषा हाच कर्ता असल्याने ‘थांबतील’ म्हणायला मध्यम रूप हीच सरळ वाट होती. डी. ए. कार्सन यांनी १९८४ मध्ये वचनांच्या अर्थनिर्णयातील चुकांवर लिहिलेल्या पुस्तकात या क्रियापदाचा समाचार घेतला आणि लूकमधील वाऱ्याचाच दाखला दिला. ते वरदान संपले की नाही हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. त्यासाठी वेगळे पुरावे लागतात. एवढेच की ‘पाउसोंताय’ हा पुरावा नव्हे.

मग मध्यम प्रयोग अर्थ कधीच बदलत नाही का? बदलतो, आणि कधीकधी भीषण रीतीने. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल संतापलेला आहे. यहुदी नसलेल्या विश्वासूंनीही सुंता केलीच पाहिजे, असा आग्रह काही उपदेशक धरत होते. पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात तो त्यांच्याविषयी ‘आपोकोप्सोंताय’ असे म्हणतो. ‘आपोकोप्तो’ म्हणजे छाटणे. मार्कच्या नवव्या अध्यायात हात तोडण्यासाठी आणि योहानाच्या अठराव्यात मल्खाचा कान कापण्यासाठी तेच क्रियापद कर्तरी रूपात येते. तेथे छाटणारा आणि छाटले जाणारे अंग, दोन्ही वाक्यात हजर असतात. गलतीकरांच्या पत्रात कर्म नाही आणि रूप मध्यम आहे. छाटणी कर्त्याच्याच अंगावर उलटते. मराठीत ‘केस कापून घेणे’ म्हणतो तसे: ‘छाटूनच घ्यावे’. सुंतेवर एवढी श्रद्धा असेल तर त्यांनी पुढे जाऊन स्वतःचे अंगच कापून घ्यावे, असा हा जहरी उपरोध आहे. ज्या गलतियात हे पत्र वाचले जाणार होते, त्याच प्रांतात पेसिनूस येथे किबेली देवीचे मोठे क्षेत्र होते, आणि तिचे पुजारी स्वतःचे खच्चीकरण करून घेण्यासाठी कुप्रसिद्ध होते. ऐकणाऱ्यांना वेगळे स्पष्टीकरण लागले नसावे.

१६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतराने हेच रूप कर्मणीप्रमाणे वळवले: ते ‘तोडले जावेत’, म्हणजे मंडळीतून बाहेर काढले जावेत असे वाटावे. शिष्टाचार राखला गेला, पण छाटणारे हात कोणाचे, हे वाक्यातून गळाले. हा मध्यम प्रयोग ‘पाउसोंताय’सारखा क्रियापदाला सवयीने चिकटलेला नव्हता. त्या क्रियापदाचे कर्तरी रूप त्याच काळात, त्याच ग्रंथसंग्रहात सर्रास चालू होते, आणि तरीही पौलाने ते बाजूला ठेवले होते.