गिरण्यांचा धूर उतरला, पण भार कुणाच्या शिरावर गेला? मावळ आणि उलट्या 'यू'ची रेषा

१/ पर्यावरणीय अर्थशास्त्राच्या पुस्तकांत एक देखणी वक्ररेषा असते. आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न, उभ्या अक्षावर प्रदूषण. आरंभी दोन्ही बरोबरीने वाढतात, मग शिखर येते, आणि त्यापुढे उत्पन्न वाढत असतानाही प्रदूषण उतरू लागते. आकार उलट्या 'यू'सारखा. आजच्या थ्रेडमध्ये ही रेषा मावळातून पाहू.

२/ रेषेला नाव मिळाले सायमन कुझ्नेट्स यांचे. १९५५ साली त्यांनी असाच आकार उत्पन्नातील विषमतेसाठी सुचवला होता. १९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रुगर यांना अनेक देशांतील शहरांच्या हवेत, सल्फर डायऑक्साइड व धुराबाबत, तोच आकार आढळला. स्पष्टीकरण असे, की संपन्न समाज स्वच्छ हवा मागतो, कायदे होतात आणि यंत्रे बदलतात.

३/ मुंबईची कथा या साच्यात सहज बसते. कापड गिरण्या दगडी कोळशावर चालत आणि गिरणगावावर धूर दाटे. शहर श्रीमंत झाले तशी तक्रारही वाढली. १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबईसाठी कायदा झाला, आणि १९१५ मध्ये टाटांची जलविद्युत मुंबईस पोहोचली. गिरण्यांनी ती घेतली मुख्यतः स्वस्त शक्तीसाठी, परंतु त्यामुळे कोळशाची गरजही घटली.

४/ ही वीज आली लोणावळ्याहून. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे धरणे बांधून पाणी अडवले गेले. जे पाणी पूर्वेस भीमेकडे गेले असते, ते पश्चिमेस वळवून पाचशे मीटरहून अधिक खाली, घाटापायथ्याच्या खोपोलीत सोडले गेले. पाठोपाठ आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले.

५/ येथे दुसरी संकल्पना लागते : बाह्यता. व्यवहार दोघांचा, पण झळ तिसऱ्याला, आणि ती झळ किमतीत धरलेली नाही. १९२० मध्ये आर्थर पिगू यांनी आपल्या ग्रंथात कारखान्यांच्या धुराचेच उदाहरण दिले होते : धुराने कपडे, भिंती व आरोग्य बिघडते, पण त्याचा खर्च कारखानदाराच्या वहीत येत नाही.

६/ पुढच्याच वर्षी हाच प्रश्न लोणावळ्याच्या दक्षिणेस, शेजारच्या मुळशी पेट्यात उभा राहिला. तेथील शेतकऱ्यांनाही मावळेच म्हणत. निळा-मुळेच्या संगमाजवळील नियोजित धरणात पन्नासच्या आसपास गावे आणि आंबेमोहोराची भातखाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. याच लढ्यात पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले.

७/ कुणी म्हणेल, मोबदला दिला म्हणजे किंमत मोजली गेली, मग बाह्यता कुठली? एक कल्पित हिशोब मांडू. समजा, एका खाचरात दहा मण भात पिकतो. जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकाराची. कुळ त्याला पाच मण खंड देते आणि पाच मणांवर घर चालवते. धरण झाले. सावकाराला जमिनीचे पैसे मिळाले, त्याचे पाच मण भरून निघाले. कुळाचे पाच मण मात्र कोणत्याच वहीत नाहीत. मोबदला मालकीला मिळतो, कसण्याला नाही.

८/ मुळशीत बरीचशी जमीन खरोखरच सावकारांकडे गेलेली होती. त्यांच्यापैकी अनेकांना रोख मोबदला पुरेसा वाटला, कुळांना नाही. लढ्यातली फूट येथूनच पडली. १९२४ च्या सुमारास सत्याग्रह मावळला, धरण पुरे झाले, आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे जाऊ लागली.

९/ आता पुन्हा रेषेकडे. मोजणी फक्त मुंबईपुरती केली, तर कोळशाचा धूर कमी झालेला दिसेल. सीमा मुळशीपर्यंत वाढवली, तर दिसेल की भाराचा एक भाग नाहीसा न होता घाटावर सरकला, आणि त्याने रूपही बदलले : धुराऐवजी बुडीत जमीन. उभ्या अक्षावर केवळ धूर असल्याने ती जमीन आलेखात उमटतच नाही.

१०/ म्हणून रेषा खोटी ठरत नाही. डोळ्यांना झोंबणाऱ्या, स्थानिक प्रदूषणात ती अनेकदा दिसते, कारण सोसणारा आणि तक्रार करणारा एकाच शहरात असतो. कार्बन डायऑक्साइडबाबत तिचा आधार फार कच्चा आहे, कारण तेथे सोसणारे दूर असतात, काही तर अजून जन्मायचे असतात.

११/ शिवाय उतार उत्पन्नाबरोबर आपोआप येत नाही. ज्याला झळ बसते त्याचा आवाज कायद्यापर्यंत पोहोचावा लागतो. धुराविरुद्ध मुंबईकरांना १९१२ मध्ये कायदा मिळाला. मुळशीच्या कुळांच्या वाट्याला तुरुंग आला.