पावसाने टाकलेली चिठ्ठी

दिग्रसच्या बाजारात आवक आणि भाव यांवरून वाद रंगला की तो सहसा मिटत नाही. आवक कमी म्हणून भाव चढला, की भाव आणखी चढेल या आशेने लोकांनी माल घरात ठेवला म्हणून आवक कमी झाली? आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. विज्ञानातली एक नामांकित पद्धत याच वादातून जन्मली, आणि तीही जवसाच्या निमित्ताने. आपल्याकडे चटणीत जातो तोच जवस. अमेरिकेत मात्र त्याचे तेल रंगाच्या धंद्यात जाई, आणि परदेशी तेलांवर आयात कर किती लावावा यावर तिथे काथ्याकूट चालू होता.

1928 साली फिलिप राइट या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने या तेलांवरील करांबद्दल एक पुस्तक काढले. त्याच्या परिशिष्टात त्याने वाद सोडवण्याची युक्ती सांगितली. फक्त भाव आणि खप यांकडे पाहत बसू नका. पुरवठ्याला हलवणारी, पण गिऱ्हाइकाच्या मनाला न शिवणारी एखादी तिसरी गोष्ट शोधा. उदाहरणार्थ, एकरी उत्पन्न. पाऊस बिघडला की जवस कमी पिकतो, पण घराला रंग देणाऱ्याची इच्छा त्याने बदलत नाही. मग पावसामुळे भावात जो फरक पडला तेवढाच हातात धरायचा आणि त्याने खप किती हलला ते मोजायचे. अर्थशास्त्रात या तिसऱ्या गोष्टीला 'साधन' म्हणतात.

फिलिपचा मुलगा स्यूअल राइट आनुवंशशास्त्रातला दिग्गज होता. ते परिशिष्ट बापाने लिहिले की लेकाने, याची शंका पुढे कित्येक वर्षे होती. लेखनशैलीची मोजदाद करणाऱ्यांनी 2003 साली बापाच्या बाजूने कौल दिला. म्हणजे साधनाची कल्पना आणि जनुकांचे शास्त्र एकाच घरात जेवत होते. तरी त्यांची सोयरीक जुळायला अर्धे शतक गेले.

ती जुळवली मार्टिन काटान या डच संशोधकाने, 1986 साली, 'लॅन्सेट'मधल्या एका पत्रातून. तेव्हा डॉक्टरांना एक कोडे पडले होते. रक्तातले कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांत कर्करोग जास्त दिसत होता. कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होतो, की आत दडलेला कर्करोगच कोलेस्टेरॉल खाली ओढतो? आवक-भावाचाच हा वाद. काटानने सुचवले की एपोई नावाच्या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांचे कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी असते. कमी कोलेस्टेरॉल खरेच गुन्हेगार असेल, तर कर्करोगाच्या रुग्णांत हा प्रकार जास्त आढळला पाहिजे. कर्करोग काहीही करो, जन्माआधी ठरलेले जनुक तो बदलू शकत नाही. काटानने स्वतः मोजणी केली नाही, आणि पद्धतीला नावही दिले नाही.

नाव आले वेगळ्याच दारातून. 1991 साली ग्रे आणि व्हीटली यांनी रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांबद्दल लिहिले. अस्थिमज्जा प्रत्यारोपण चांगले की औषधे, हे ठरवताना फसगत होई, कारण प्रत्यारोपणापर्यंत तगून पोचणारे रुग्ण मुळातच बळकट असत. त्यांचा तोडगा असा: प्रत्यारोपण कोणाचे झाले ते पाहूच नका, कोणाला जुळणारे भावंड आहे ते पाहा. एका भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती चिठ्ठी मेंडेलच्या नियमाने पडते. म्हणून 'मेंडेलियन रँडमायझेशन'. ब्रिस्टलच्या जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी 2003 साली हे नाव उचलले आणि काटानच्या कल्पनेला चिकटवले. तेव्हापासून ते तिचेच झाले.

नाव हस्तांतरित होताना एक गोष्ट मात्र निसटली असे मला वाटते. भावंडांत चिठ्ठी खरोखर पडते: आईबाप तेच, वाटणी तेवढी वेगळी. अख्ख्या गावातल्या अनोळखी लोकांत ती फक्त जवळपास पडते. एखादे जनुक एका समाजात जास्त असेल आणि त्या समाजाचे खाणेही वेगळे असेल, तर फरक जनुकाने पडला की ताटातल्या अन्नाने, हे पुन्हा सांगता येत नाही.

आपल्या राज्यातले उदाहरण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. आईच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त असले की बाळाचे वजन कमी, असे दिसत होते. फोलेट किंवा बी-12 जीवनसत्त्व कमी पडले की होमोसिस्टीन साचते. पण ज्या घरात जीवनसत्त्व कमी, तिथे दूध कमी, प्रथिने कमी आणि शेतातले कष्टही जास्त असू शकतात. मग दोष होमोसिस्टीनचा की गरिबीचा?

2014 साली छापलेल्या अभ्यासात पुण्याच्या जोडीला म्हैसूरचा गट घेतला. साधन होते एमटीएचएफआर हे जनुक. फोलेट वापरायला मदत करणारे एक विकर त्यापासून बनते. त्याचा 'टी' नावाचा प्रकार असला की विकर मंद चालते आणि होमोसिस्टीन वाढते. हिशेब तीन पायऱ्यांचा आहे. होमोसिस्टीन एक प्रमाण विचलन वाढले की बाळाचे वजन सुमारे 40 ग्रॅमने कमी दिसते, ही पहिली पायरी. आईकडच्या 'टी'च्या प्रत्येक प्रतीमागे होमोसिस्टीन 0.26 विचलनाने वाढते, ही दुसरी. म्हणजे पहिले नाते खरोखर कारणाचे असेल, तर प्रत्येक 'टी'मागे वजन 40 गुणिले 0.26, साधारण 10 ग्रॅमने घटले पाहिजे. तिसऱ्या पायरीला खरी घट मोजली, तर ती 61 ग्रॅम निघाली.

इथे एक अडचण होती. आई आपली निम्मी जनुके बाळाला देते. बाळाला आलेला 'टी' स्वतःच वजनावर काही करत असेल, तर ते खापर आईच्या होमोसिस्टीनवर फुटेल. म्हणून ही 61 ग्रॅमची घट बाळाचे जनुक हिशेबात धरून काढली आहे.

दिशा जुळली, आणि संशोधकांनी कारणाचा निष्कर्ष काढला. पण दहाच्या जागी एकसष्ट हे मला खटकते. 61 भोवतीचा विश्वासाचा पट्टा 10 पासून 111 पर्यंत पसरला आहे, म्हणजे दहा त्याच्या अगदी काठावर बसते. फक्त पुण्याचा गट घेतला तर 46 ग्रॅमची घट दिसते, पण पट्टा 102 घटीपासून 11 वाढीपर्यंत जातो. अशा एका जनुकाचा वजनावरचा परिणाम नीट पकडायला काही हजार मायलेकरे लागतात, आणि इथे दोन्ही गट मिळून तेवढी नव्हती. म्हणजे ही तफावत निव्वळ योगायोगाची असेल, ही पहिली शक्यता.

दुसरी शक्यता वेगळी आहे. एकदाच मोजलेले होमोसिस्टीन हे नऊ महिन्यांचे खरे चित्र नसते, आणि अशा ढोबळ मापामुळे पहिल्या पायरीचा 40 हा आकडाच लहान दिसू शकतो. तिसरी जरा अवघड. ते विकर मंदावले की फक्त होमोसिस्टीन साचत नाही, फोलेटचा पुढचा सगळा ओघ बदलतो. बाळाच्या वाढीवर तो ओघच काम करत असेल, तर होमोसिस्टीन नुसती खूण ठरते. राइटच्या भाषेत सांगायचे तर पावसाने जवस कमी केला, आणि त्याच पावसाने रंग देणाऱ्याच्या भिंतीही ओल्या ठेवल्या. संशोधकांनी निष्कर्षात होमोसिस्टीनसोबत त्या संपूर्ण चयापचयाचे नाव लिहिले आहे, ते मला म्हणूनच प्रामाणिक वाटते. त्या खेड्यांत बी-12 कमी असलेल्या बाया बऱ्याच होत्या. एमटीएचएफआर मात्र फोलेटच्या वाटेवरचे जनुक आहे. बी-12 ची गोळी दिल्यावर बाळाचे वजन वाढेल का, हे या चिठ्ठीत लिहिलेले नाही.