कालखंड, इतिहासातील : पवनार आणि विदर्भाच्या संदर्भात

भूतकाळाचे प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक असे तीन भाग पाडण्याची पद्धत शालेय पुस्तकांपासून विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांपर्यंत रुळलेली आहे. ती मुळात युरोपातली. जर्मनीतील हाले येथील अभ्यासक क्रिस्टोफ सेलारियस याने सतराव्या शतकाच्या अखेरीस या तीन भागांवर स्वतंत्र पाठ्यपुस्तके लिहिली आणि ही विभागणी अध्यापनात पक्की केली. रोमन साम्राज्याचा शेवट आणि त्या काळातल्या विद्येचे पुनरुज्जीवन या दोन टोकांमधला काळ तो ‘मध्य’. हे मोजमाप एका विशिष्ट खंडातल्या घटनांवर बेतलेले होते.

भारतात ते दुसऱ्या वाटेने आले. जेम्स मिल याने १८१७ मध्ये लिहिलेल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या इतिहासात हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे विभाग राज्यकर्त्यांच्या धर्मावरून आणि राष्ट्रीयत्वावरून पाडले. पुढे त्यांनाच प्राचीन, मध्ययुगीन व आधुनिक अशी नावे मिळाली. नावे बदलली, सीमारेषा मात्र बहुतांशी जिथल्या तिथे राहिल्या. विदर्भाचा इतिहास लिहिताना या रेषा कुठे अडतात, हे पवनारच्या निमित्ताने चांगले दिसते.

पवनार : वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर सुमारे आठ किलोमीटरवर धाम नदीच्या काठी हे गाव आहे. विनोबा भावे १९३८ मध्ये इथे राहायला आले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण त्यांनी इथेच केले आणि १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. आश्रमाच्या परिसरात जमीन खणताना दगडी शिल्पपट्ट मिळाले. त्यांपैकी एकात राम-भरत भेटीचा प्रसंग असल्याचे विनोबांनी मानले आणि ते शिल्प आश्रमात श्रद्धेने जपले गेले. अभ्यासकांनी ही शिल्पे वाकाटकांच्या, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या कलेत बसवली. वा. वि. मिराशी यांनी त्यांचा संबंध वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळातल्या राममंदिराशी जोडला आणि प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत मांडले. शिल्पांतले सगळे प्रसंग रामकथेतलेच आहेत, हे मात्र सर्वांना मान्य नाही.

राजधानीचा प्रश्नही मिटलेला नाही. रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननात विटांच्या भव्य वास्तू आणि प्रवरेश्वराचे नाव असलेली मुद्रा सापडल्यावर काही विद्वानांनी प्रवरपूर तिथे शोधले. पवनारच्या टेकाडात १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केले. त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी निघाला. टेकाडावर सातवाहनपूर्व काळापासून वस्ती असल्याचे त्यातून समजले.

प्रवरपुरातून निघालेले ताम्रपट मात्र शाबूत आहेत आणि कालखंडांची खरी परीक्षा त्यांच्यापाशीच होते. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरजवळच्या चम्मक येथे मिळालेला ताम्रपट सर्वांत बोलका आहे. जॉन फ्लीट याने तो १८८८ मध्ये गुप्तकालीन लेखांच्या संग्रहात छापला. मिराशींनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाकाटक लेखांच्या खंडात त्याची पुन्हा चिकित्सा केली. प्रवरसेनाच्या राज्यारोहणाच्या अठराव्या वर्षी, भोजकट राज्यातले मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव, म्हणजे आजचे चम्मक, वेगवेगळ्या गोत्रांच्या व शाखांच्या एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे त्यात नोंदले आहे. जमीन राजमानाने आठ हजार भूमी. नावे मात्र एक हजार नाहीत, एकोणपन्नासच आहेत. उरलेल्यांची नावे का दिली नाहीत, याबद्दल तर्क पुष्कळ झाले, निर्णायक उत्तर मिळालेले नाही.

दानाबरोबर आलेल्या सवलती वाचल्या की गावाचा कारभार डोळ्यांपुढे उभा राहतो. या गावाने कर द्यायचा नाही. राजाच्या शिपायांनी आत शिरायचे नाही. फिरतीवर असलेल्या अधिकाऱ्यांसाठी गाईबैल, फुले, दूध, चारा, कातडी, कोळसा गावाने पुरवायचा नाही. मिठाचे खणणे आणि विष्टी, म्हणजे वेठबिगार, यांतूनही गावाची सुटका. जमिनीत सापडलेला ठेवाही दानात समाविष्ट. म्हणजे दान न मिळालेल्या शेजारच्या गावाला हे सारे द्यावे लागत होते, असा अर्थ त्यातून निघतो. शिपाई येत, कोळसा मागत, माणसे कामाला नेत. राजदरबारच्या वर्णनांपेक्षा ही यादी पाचव्या शतकातल्या विदर्भातील शेतकऱ्याच्या जास्त जवळ जाते.

आणखी एक कलम क्वचितच आढळणाऱ्या जातीचे आहे. दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालेल, पण अटीवर. ब्राह्मणांनी सप्तांग राज्याविरुद्ध द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार किंवा राजाला विषप्रयोग करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. कोणी असे केले किंवा त्याला संमती दिली, तर राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. दान घेणारे निव्वळ पूजाअर्चा करणारे असते तर युद्धाची अट घालण्याचे कारण नव्हते. जमीन आणि तिच्यावरची माणसे हाती आली की त्यातून ताकद उभी राहते, ही जाण प्रवरसेनाच्या लेखकाला होती.

हा ताम्रपट कोणत्या काळाचा? राजवंशांच्या पुस्तकात तो ‘प्राचीन’ आहे. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि गुप्तांचा काळ म्हणजे प्राचीन भारताचे सुवर्णयुग, अशी ओळ शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. रामशरण शर्मा यांनी १९६५ मध्ये भारतीय सरंजामशाहीवर लिहिलेल्या पुस्तकात मात्र याच प्रकारच्या दानलेखांना नव्या व्यवस्थेची सुरुवात मानले. राजाने कर, बंदोबस्त आणि वेठीचे हक्क सोडले की मधला जमीनधारक वर्ग तयार होतो, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या दृष्टीने मध्ययुगाची बीजे सुवर्णयुगातच रुजली.

दिनेशचंद्र सरकार यांना हे पटले नाही. दान म्हणजे सरंजाम नव्हे, कारण घेणाऱ्याने राजाला लष्करी सेवा द्यायची नसते, असे त्यांचे म्हणणे. पुढे ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी १९९४ च्या पुस्तकात वेगळी मांडणी केली. या काळात राज्य मोडत नव्हते, ते नव्या प्रदेशांत पसरत होते, गावे व जमाती त्याच्या कक्षेत येत होत्या. साधारण इ.स. ६०० ते १२०० या काळाला आता ‘पूर्वमध्ययुग’ म्हणण्याचा प्रघात आहे. चम्मकचा ताम्रपट त्याच्या दीड शतक आधीचा. विदर्भापुरते पाहिले तर चट्टोपाध्यायांचे वर्णन जास्त लागू पडते, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे, कारण जंगलपट्ट्यातल्या नव्या वस्तीच्या खुणा या लेखांत दिसतात.

तारखेचीही अडचण आहे. वाकाटकांचे लेख बहुतेक राजाच्या कारकिर्दीतल्या वर्षांत दिलेले आहेत, कोणत्याही सलग शकात नाहीत. म्हणून ‘अठरावे वर्ष’ म्हणजे इसवी सनाचे कोणते, हे गुप्तांच्या नात्यावरून अदमासाने ठरवावे लागते. वाशीम जिल्ह्यातल्या हिस्से-बोराळा येथील, वाकाटक राजा देवसेनाच्या काळचा लेख मात्र शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८ चा आहे आणि सगळ्या वाकाटक कालगणनेचा तो खुंटा झाला आहे. बाकीच्या लेखांच्या वर्षांपुढे मात्र ‘सुमारे’ हा शब्द लावावा लागतो.

मध्ययुगाची सुरुवात महाराष्ट्रात सहसा देवगिरीवरून सांगतात : १२९६ ची अलाउद्दीन खल्जीची स्वारी, १३१८ मध्ये यादवांचा अंत, १३४७ मध्ये बहमनी राज्य. वऱ्हाडात पुढे अचलपूरची इमादशाही आली, १५७४ मध्ये ती निजामशाहीत विरली आणि शतक संपण्यापूर्वी मोगल आले. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या एका सरकारचे नाव पवनार आहे. पण वर्धेच्या पूर्वेला हा क्रम चालत नाही. तिथे देवगड आणि चांदा इथली गोंड राज्ये होती. देवगडच्या बख्त बुलंद शहाने औरंगजेबाच्या दरबारी इस्लाम स्वीकारला आणि नागपूर शहर वसवले. त्याला ‘हिंदू’ विभागात घालावे की ‘मुसलमानी’, हा प्रश्नच मिलच्या चौकटीतून निर्माण होतो.



कालखंडांच्या नावांची अशीच ओढाताण उत्खननाच्या अहवालांतही दिसते. नेवासे येथील १९५४-५६ च्या उत्खननात ह. धी. सांकळिया व सहकाऱ्यांनी वरच्या थराला ‘मुस्लिम-मराठा’ काळ म्हटले आणि सातवाहनांच्या उत्तरार्धाला ‘इंडो-रोमन’. एक नाव राज्यकर्त्यांवरून, दुसरे परदेशी व्यापारावरून. मातीच्या थरांना असली नावे देण्याची सवय महाराष्ट्रात बरीच टिकली.

आधुनिक काळाची तारीख पुण्यात १८१८ आहे. नागपूरकरांसाठी ती तशी नाही. सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली चालू राहिले, तिसरे रघुजी १८५३ च्या अखेरीस निवर्तले आणि त्यानंतर संस्थान खालसा झाले. १८५३ मध्येच निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवण्याचे काम १८६६ मध्ये सुरू झाले, पवनारला जिल्ह्याचे ठिकाण होण्याचा मान मिळाला नाही. गोव्याला तर १५१० पासूनच वेगळा हिशेब लागतो.

मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी आणखी एक रेषा ओढली आहे. अ. ना. देशपांडे यांनी ‘प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास’ लिहिला, त्यात मराठीच्या आरंभापासून पेशवाईच्या काळापर्यंतचे ग्रंथ आहेत. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी वाङ्मयाच्या वर्गात प्राचीन आणि इतिहासाच्या वर्गात मध्ययुगीन ठरते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर इथे प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट मिळाला आणि तिथेच महानुभावांचे गोविंदप्रभू राहिले. मधल्या आठ शतकांत गाव तेच राहिले. विद्यापीठांतल्या दोन विभागांच्या अभ्यासक्रमांत त्याचे दुसरे पर्व आजही दोन वेगवेगळ्या युगांत शिकवले जाते.